हॉस्पिटलचं बिल आणि विम्याची कपात: गुगल शीट वापरल्यावरचा अनुभव

गेले काही महिने घरातले सगळे मेडिक्लेम मी एका साध्या शीटमध्ये मांडतेय. रकाने पाचच: तारीख, बाब, रक्कम, गट आणि कपात. बिलाचा सारांश नाही, तारीखवार तपशिलाचं बिल मागून त्यातली एकेक ओळ भरायची. कंटाळवाणं आहे, पण खरं काम 'गट' या रकान्यात होतं.

घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये. खोली मिळाली ८,००० ची. बिल दीड लाख: चार दिवसांची खोली ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ओटी ८०,०००, औषधं २२,०००, तपासण्या १४,०००, बाकी २,००० किरकोळ, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंचे. सेटलमेंट लेटरमध्ये ५७,५०० कापलेले आणि कारण एका ओळीत, 'प्रपोर्शनेट डिडक्शन'.

मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक कापतात, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. डॉक्टर, ओटी अशा खोलीच्या दर्जाप्रमाणे बदलणाऱ्या, म्हणजे 'संलग्न' खर्चालाही तेच प्रमाण लागतं, इथे ३७.५ टक्के. पण विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही.

म्हणून शीटमध्ये हे सूत्र:

```
=IF(OR(D2="खोली",D2="संलग्न"),C2*(1-5000/8000),0)
```

खोलीवर १२,००० आणि संलग्न खर्चावर ३०,००० कपात आली. किरकोळ २,००० धरून ४४,०००. कंपनीने मात्र औषधं-तपासण्यांच्या ३६,००० वरही प्रमाण लावलं होतं. फरक १३,५००. पुनर्विचाराच्या अर्जाला शीटची प्रिंट जोडली, त्या ओळींना पिवळा रंग दिला, आणि तेवढे पैसे आले. 'अन्याय झालाय' असं पानभर लिहिण्यापेक्षा हे बरं.

आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्या. काही हॉस्पिटलं खोली कुठलीही असो, डॉक्टर-ओटीचे दर एकच लावतात. तिथे संलग्न खर्चाला प्रमाण लागू होत नाही. बिलिंग काउंटरवरून तसं पत्र लेटरहेडवर घ्यावं, डिस्चार्जच्या आधीच. नंतर 'साहेब सुट्टीवर आहेत' सुरू होतं.

जिथे शीट हात टेकते ती जागा म्हणजे पॅकेज. मोतीबिंदूच्या पॅकेजमध्ये लेन्स, औषधं, ओटी सगळं एकाच आकड्यात असतं, मग गट कशाला देणार? पॅकेजचं लेखी ब्रेकअप मिळालं तरच ओळी पाडता येतात. आईच्या वेळी ते मिळालं नाही, आणि तो क्लेम शीटमध्ये एकाच ओळीत पडून आहे.