नाव मीच सांगितलं होतं

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमच्या घरातल्या मुलाचा अपघात झालाय, हॉस्पिटलमधून बोलतोय." मागे कुणीतरी कण्हत होतं. मी किंचाळलेच, "निखिलला काय झालं?" तो म्हणाला, "हो, निखिलच. डोक्यात रक्तस्राव आहे. डिपॉझिट भरल्याशिवाय ऑपरेशनला घेता येत नाही."

निखिल माझ्या बहिणीचा मुलगा. मला वाटलं, ह्यांना नाव माहीत आहे म्हणजे खरंच असणार. माझ्या फोनवर कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. रात्री तो कॉल ऐकला तेव्हा कळलं, नाव आधी त्याने घेतलंच नव्हतं, मी दिलं होतं. "गाडीवरून पडला का?" हेही मीच विचारलं, आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यात गाडी आली. त्याच्याकडे माझ्या नंबरापलीकडे काही असल्याचं त्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच दिसत नाही.

त्याने मला फोन ठेवू दिला नाही. "डॉक्टर लाइनवर येतायत, कट करू नका," असं दर मिनिटाला म्हणत राहिला. त्यामुळे निखिलला किंवा बहिणीला फोन करायला मला उसंतच मिळाली नाही. पैसे पाठवताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं, ते एका बाईचं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "हॉस्पिटलचा सर्व्हर बंद आहे, ह्या आमच्या कॅशियर." खटकलं होतं, तरी पाठवले. दहा मिनिटांत रक्ताच्या बाटल्यांसाठी आणखी मागितले. तेही पाठवले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मिस्टर घरात शिरले. माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच्या फोनवरून निखिलला फोन लावला. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. कॉलेजातच होता.

असा फोन आला तर घरातल्या कुणाचंही नाव उच्चारू नका. "पेशंटचं पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि गप्प राहा. पेशंट बेशुद्ध आहे, नाव माहीत नाही असं म्हणाले, तर तुमचा नंबर कुठून मिळाला ते विचारा. मग फोन कट करा. भीती वाटेल, पण करा. ज्याचा अपघात झाला म्हणतात त्याला स्वतः फोन लावा. तो उचलत नसेल तर त्याच्यासोबत असणाऱ्या कुणाला तरी लावा. हॉस्पिटलचा नंबर आलेल्या कॉलवरून घेऊ नका, स्वतः शोधा आणि अपघात विभागात अशा नावाचा पेशंट आणलाय का ते विचारा. खरंच आणला असेल तर पाच मिनिटांत कळतं, आणि पैसे तिथे काउंटरवर जाऊन भरता येतात.

पैसे गेलेच असतील तर रडत बसण्याआधी बँकेला फोन करा, कारण ही रक्कम मिनिटांत पुढच्या खात्यात सरकवली जाते. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. आमची पहिली रक्कम तोवर निघून गेली होती. दुसरी त्या खात्यातच अडवली गेली, ती परत मिळायची आहे. पोलिसांत तक्रार दिली तेव्हा ते रेकॉर्डिंगही जोडलं.