पोस्ट दुरुस्त करायची की उडवून पुन्हा टाकायची?
नाटकाच्या फोटोत 12 जण टॅग केले, पण छायाचित्रकाराच्या हँडलमधला अंडरस्कोर राहिला आणि श्रेय भलत्याच खात्याला गेलं. पोस्ट उडवून नव्याने टाकली, तर बरोबर टॅग झालेल्या 11 जणांनाही पुन्हा सूचना जाते, शिवाय आलेले लाइक आणि कमेंट जातात ते वेगळंच. इन्स्टाग्रामवर Edit मधून चुकीचा टॅग काढून बरोबर खातं जोडलं, की बाकीच्यांना त्रास नाही. मात्र कॅप्शनमधला @ उल्लेख वेगळा बदलावा लागतो. नेमका तोच विसरतो आपण. सेव्ह केल्यावर त्या नावावर टॅप करून कोणाचं प्रोफाइल उघडतं ते बघा. पोस्ट पुन्हा टाकायची वेळ माझ्या मते फोटोच चुकला असेल तर. ज्यांना सूचना नकोच, त्यांचं नाव @ न लावता साधं लिहावं.