हेक्टर की कर्ण: हरलेल्यांपैकी आधी कोणाला वाचावे

आमच्या वाचनगटात दरवर्षी पावसाळ्यात एक मोठे काव्य हाती घेतो. यंदा ठरले, वीरांचा शेवट वाचायचा, आणि तोही हरणाऱ्यांचा. नावे दोनच उरली, होमरच्या ग्रीक महाकाव्यातला, 'इलियड'मधला, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आणि महाभारतातला कर्ण. दोघांना एका हंगामात बसवणे शक्य नव्हते, म्हणून दोन्हीकडचे मूळ प्रसंग पुन्हा काढून वाचले. असाच पेच ज्यांच्यापुढे असेल त्यांच्यासाठी हा आढावा.

तिसरे नाव रोलाँचे होते, पण ते लवकर गळले. त्याचे जुने फ्रेंच काव्य आटोपशीर आहे, जेमतेम चार हजार ओळींचे. इ.स. ७७८ मध्ये पिरेनीजच्या खिंडीत फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या सैन्याची पिछाडी कापली गेली, त्यावर ते रचले आहे. प्रत्यक्षात हल्ला बास्क लोकांनी केला होता, काव्यात ते मुसलमान सैन्य होते. मराठी माणसाला इथे पावनखिंड आठवणारच. मात्र दोन्हीकडच्या खुणेत फरक आहे. पावनखिंडीत तोफ वाजायची ती राजे विशाळगडावर पोचल्याचे कळवायला, म्हणजे बाजीप्रभूंचे काम फत्ते झाले हे सांगायला. रोलाँचे शिंग वाजवायचे ते राजाला मदतीसाठी परत बोलवायला, आणि सोबती ऑलिव्हर विनवत असताना तो ते वेळेवर वाजवत नाही. त्याचा शेवट चटका लावतो, पण त्यामागे बरीचशी घमेंड आहे. बाजीप्रभूंना तर 'हरलेले' म्हणताच येत नाही.

आता हेक्टर. त्याची गंमत अशी की तो जिथे मरतो तिथे दार खरोखरच उघडे असते. बाविसाव्या सर्गात ट्रॉयचे बाकी सगळे सैनिक तटाच्या आत पळाले आहेत आणि हा एकटा वेशीबाहेर उभा आहे. तटावरून म्हातारा बाप प्रायम आणि आई हेक्युबा विनवण्या करताहेत. आत यायला चार पावले पुरेत. तो का जात नाही? होमर त्याचे मनातले बोलणे आपल्याला ऐकवतो, आणि त्यात शौर्याचा भाग थोडाच आहे. आदल्या रात्री त्याचा साथीदार पॉलिडॅमस म्हणाला होता, सैन्य आत घेऊ या. हेक्टरने ऐकले नाही आणि माणसे मेली. आता आत गेलो तर पहिला टोमणा पॉलिडॅमसच मारेल, माझ्यापेक्षा हलका माणूसही म्हणेल की याने आपल्या फाजील विश्वासापायी लोकांचा नाश केला. लाज त्याला बाहेर धरून ठेवते. मग शस्त्रे खाली ठेवून, जिच्यापायी युद्ध पेटले त्या हेलनला परत द्यायचा विचारही त्याच्या मनात येतो, आणि तोच तो खोडून काढतो: ही काय पोरापोरीने गुजगोष्टी कराव्यात तशी वेळ आहे?

एवढे ठरवून उभा राहिलेला माणूस ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस जवळ येताच पळतो. तटाभोवती तीन फेऱ्या. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे खटकले होते. आता वाटते, हा प्रसंग पेलला आहे तो या पळण्यानेच. चौथ्या फेरीला देवी अथीना त्याच्या भावाचे, डिफोबसचे, रूप घेऊन शेजारी येते. 'भाऊ मदतीला आला' म्हणून तो थांबतो आणि भाला फेकतो. भाला ढालीवरून उडतो. दुसरा भाला मागायला तो वळतो, तर डिफोबस नाही. त्या क्षणी त्याला सगळे उमगते. तो म्हणतो ते साधारण असे: देवांनी मला मरणाकडे बोलावले आहे, पण निदान पुढच्यांच्या कानी जाईल असे काही करून मरू दे. त्याच्या अंगावरचे चिलखत मुळात अकिलीसचेच, त्याचा मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावरून काढलेले. ते गळ्यापाशी कुठे उघडे राहते हे अकिलीस नीट न्याहाळतो आणि भाला तिथेच घालतो.

कर्णासमोर उघडी वेस नव्हती, पण दार होते आणि ते पुष्कळ आधी, उद्योगपर्वात, उघडले गेले. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो, तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, चल, राज्य तुझे, पाचही भाऊ तुझ्यामागे उभे राहतील. कर्णाचे उत्तर मला साऱ्या महाभारतातले सर्वात शांत भाषण वाटते. मला हे ठाऊक आहे, पण अधिरथ आणि राधेने मला वाढवले, दुर्योधनाच्या भरवशावर हे युद्ध उभे राहिले, आता फिरलो तर लोक काय म्हणतील. शिवाय तो कृष्णाला बजावतो की ही गोष्ट युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कळली तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाच्या हवाली करीन. पांडव जिंकलेले स्वप्नात पाहिल्याचेही सांगतो. द्यूतसभेत पांडवांना जे कठोर बोललो त्याचा पश्चात्ताप होतो, हेही त्याच्याच तोंडून येते.

म्हणजे दोघांनाही शेवट आधीच दिसलेला आहे. सहाव्या सर्गात हेक्टर बायकोला सांगून बसला आहे की एक दिवस ट्रॉय पडणारच. फरक इतकाच की हेक्टर चुकीचा हिशेब करत वेशीपर्यंत येतो, आणि कर्ण हिशेब मांडून, तोटा पाहून, सही करतो.

सतराव्या दिवशीचे द्वंद्व बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. कवचकुंडले इंद्राने नेली, बदल्यात मिळालेली शक्ती घटोत्कचावर खर्च झाली, सारथी शल्य वाटेभर तेजोभंग करतो, मुलगा वृषसेन त्याच दिवशी डोळ्यांदेखत मारला जातो. मग चाक रुतते, आणि कर्णाच्या डोळ्यांत रागाने पाणी येते. तो अर्जुनाला धर्माची आठवण देतो. यावर कृष्णाने केलेला सवाल मोरोपंतांच्या आर्येमुळे मराठीत म्हणीसारखा रुळला आहे: तेव्हा कुठे गेला होता, राधासुता, तुझा धर्म?

कर्ण निवडणाऱ्याने इथेच सावध व्हावे. हा प्रश्न पोकळ नाही. द्रौपदीचे वस्त्र काढायला सांगणाऱ्यांत कर्ण होता, आणि अभिमन्यूला घेरून मारणाऱ्यांतही. मराठी वाचकाच्या मनातला कर्ण पुष्कळसा १९६७ च्या 'मृत्युंजय'ने घडवलेला आहे. तो लोभस आहे, पण मूळ पोथीतला माणूस जास्त गाठाळ आहे. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती पाहिली तर आणखी धक्के बसतात. स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणणारी द्रौपदी तिथे मुख्य संहितेत नाही, ती तळटीपेत गेली आहे. मरताना सोन्याचा दात काढून देणारा कर्ण लोककथेतला आहे. वाचताना श्रोते नेमके हेच प्रसंग मागतात. ते नाहीत म्हटल्यावर थोडी निराशा होते, हे गृहीत धरूनच बसावे.

मग हरलेले टिकतात कशाने? हरल्यानेच म्हणावे, तर शल्याला कोणी का आठवत नाही? कर्णानंतर अठराव्या दिवशी तो सेनापती झाला आणि युधिष्ठिराच्या हातून पडला. पांडवांकडे निघाला असताना दुर्योधनाने पाहुणचारात फसवून त्याला आपल्याकडे ओढले होते. अन्याय आहे, निष्ठा आहे, रणात मरण आहे, तरी शल्य म्हटले की आपल्याला कर्णाचा सारथीच दिसतो. मला वाटते, महाभारताने त्याला 'आता परत फिरतोस का?' असे सगळे कळल्यानंतर विचारलेच नाही. कर्ण आणि हेक्टर यांना विचारले गेले, आणि त्यांचे 'नाही' आपण कानांनी ऐकले.

दुसरे कारण जेत्यांच्या बाजूला आहे. जिंकलेला जगतो, आणि काव्य लांबले की त्याची उतरण दिसू लागते. मौसलपर्वात द्वारकेच्या बायका नेताना आभीर लुटारू आडवे येतात, तेव्हा अर्जुनाला गांडीव ओढता ओढवत नाही, अस्त्रे आठवत नाहीत. पुढे हिमालयाच्या वाटेवर तो पडतो, आणि युधिष्ठिर कारण सांगतो की एका दिवसात शत्रू जाळीन ही बढाई त्याने खरी केली नाही. कर्णावर ही पाळी येत नाही. अकिलीसचे तर मरणही 'इलियड'मध्ये नाही. काव्य संपते ते हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर, आणि शेवटच्या ओळीत नाव त्याचेच आहे.

निवड करायची तर माझा सल्ला सरळ आहे. एकच संध्याकाळ असेल तर हेक्टर घ्या. सहावा, बाविसावा आणि चोविसावा हे तीन सर्ग मिळून साडेअठराशेच्या आसपास ओळी होतात, मोठ्याने वाचायला साधारण तीन तास. सहाव्यात शिरस्त्राणाचा तुरा पाहून तान्हे पोर रडते, आई-बाप हसतात आणि हेक्टर ते काढून जमिनीवर ठेवतो. बाविसाव्याच्या शेवटी अँड्रोमॅकी नवऱ्याच्या आंघोळीला पाणी तापत ठेवते, आणि तटावरचा आकांत तिच्या कानी येतो. तेविसावा सर्ग वगळला तरी धागा तुटत नाही. चोविसावा मात्र वगळू नका. त्यात प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जाऊन मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो, आणि दोघे मिळून रडतात.

महिना-दोन महिने असतील, आणि गटात भांडायची तयारी असेल, तर कर्ण घ्या. तो एका जागी मिळत नाही. वनपर्वातले कुंडलाहरण, उद्योगपर्वातले कृष्ण आणि कुंती यांच्याशी झालेले संवाद, द्रोणपर्वातला घटोत्कचवध, मग कर्णपर्वाची अखेर, असे तुकडे गोळा करावे लागतात. सभापर्वातले द्यूत आधी वाचा, नाहीतर गट कर्णाच्या बाजूने आंधळा होतो. आमच्याकडे यंदा हीच निवड झाली. दोघीजणी अजून रागावल्या आहेत, द्यूताच्या दिवशी कर्णाची बाजू घेणारा एक गृहस्थ नंतर आठवडाभर आलाच नाही.

आणि कर्णपर्वावर थांबू नका. स्त्रीपर्वाच्या शेवटच्या अध्यायापर्यंत जा. गंगेच्या काठी मेलेल्यांना पाणी देणे चालले आहे, आणि कुंती एकाएकी मुलांना म्हणते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता.