पॉर्न सोडल्यावर इच्छा गेली, आणि ‘फ्लॅटलाइन’च्या नावाखाली लुबाडणूक झाली

पॉर्न बघणं बंद केल्यानंतर काही आठवड्यांत ज्यांची इच्छा एकदम मंदावली आहे आणि जे रात्री दोन वाजता मोबाइलवर त्याचं कारण शोधत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी त्याच शोधातून एका टोळीच्या हाती लागलो. त्यांचं नाव इथे देत नाही, पण पद्धत सांगतो, कारण याच पद्धतीने धंदा करणारे बरेच आहेत.

‘फ्लॅटलाइन’ हा शब्द तुम्हीही वाचला असेल. पॉर्न सोडलं की काही काळ इच्छा, ताठरता, उत्साह सगळंच सपाट होतं, असा अनुभव पॉर्न सोडणाऱ्या अनेकांनी एकमेकांना सांगितला आणि त्यातून हा शब्द रूढ झाला. तो कुठल्याही वैद्यकीय आजाराचं नाव नाही. ९० दिवसांत मेंदू ‘रीबूट’ होतो हेसुद्धा अशाच गप्पांतून आलंय. कुठल्या चाचणीतून तो आकडा निघालेला नाही. अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही, मला स्वतःला तो आला. पण नाव मिळालं की कारण सापडलं असं वाटायला लागतं, आणि नेमकं तेच या लोकांनी विकलं.

एक फॉर्म भरला की ‘काउन्सेलर’चा फोन. आवाज समजूतदार, ‘दादा, लाजू नका’ अशी सुरुवात. किती वर्षं बघत होता, कधी सोडलं, सकाळी ताठरता येते का, बायकोला माहीत आहे का, सगळं विचारलं. मी चिंतेसाठी कुठली गोळी घेतोय का, हे मात्र त्यांच्या फॉर्ममध्येही नव्हतं आणि फोनवरही विचारलं नाही. मीच सांगितलं की पॉर्न सोडलं त्याच सुमारास मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम सुरू केलंय. उत्तर आलं, ‘इंग्रजी गोळ्यांनीच नसा सुकतात, त्या आजच बंद करा.’ मग निदान झालं : ‘दुसऱ्या टप्प्याची फ्लॅटलाइन’. तीन महिन्यांचा कोर्स, आगाऊ पैसे, घरपोच डबा.

आता या निदानाची खुबी बघा. इच्छा नसली तर फ्लॅटलाइन चालू आहे, म्हणजे कोर्स वाढवा. इच्छा आली तर औषध लागू पडतंय, म्हणजे कोर्स थांबवू नका. झोपेत वीर्यस्खलन झालं तर ‘धातू गेली, मीटर शून्यावर’, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. शरीरात काहीही घडो, अर्थ एकच निघायचा : अजून पैसे भरा. औषध चालत नाहीये हे दाखवणारी एकही खूण त्यांनी शिल्लक ठेवली नव्हती.

गोळी अचानक बंद केल्यावर काही दिवसांतच मला चक्कर यायला लागली. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. झोप उडाली, चिडचिड वाढली. काउन्सेलर म्हणाला, ‘विष बाहेर पडतंय, मेंदू रीसेट होतोय.’ पुढे डॉक्टरांनी सांगितलं की त्या गटातली गोळी एकदम तोडली की नेमकं असंच होतं, म्हणून ती हळूहळू कमी करायची असते.

डब्यात एक वेगळी ‘बूस्टर’ कॅप्सूल होती, संबंधाच्या तासभर आधी घ्यायची. लेबलवर अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी. ती घेतली की चेहरा तापायचा, नाक चोंदायचं, डोकं ठणकायचं आणि ताठरता यायची. मन मात्र तितकंच कोरडं. इच्छा नाही आणि ताठरता आहे, हे मला विचित्र वाटायचं. त्यांना ते यश वाटायचं. डॉक्टरांना ही लक्षणं सांगताच ते म्हणाले की हे सिल्डेनाफिल या ताठरतेसाठीच्या औषधाचे नेहमीचे परिणाम आहेत आणि ‘वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलंय. माझ्या कॅप्सूलमध्ये ते होतंच की नाही, हे प्रयोगशाळेशिवाय कुणी सांगू शकत नाही. पण छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने अशी कॅप्सूल घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. म्हणून हे ठळकपणे सांगतोय. शिवाय लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात दिसली की तिथेच थांबायला हरकत नाही.

शेवटी मी ज्यांनी गोळी दिली होती त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा तारखा विचारल्या. पॉर्न कधी सोडलं, गोळी कधी सुरू झाली, इच्छा कधी गेली. तिन्ही एकमेकींना चिकटून होत्या. एसिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं आणि स्खलनाला उशीर लागणं नेहमीचं आहे, आणि सगळं खापर मात्र पॉर्नवर फुटलं होतं. तरी त्यांनी सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, शिवाय प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितलं. टेस्टोस्टेरॉन सकाळीच का, तर दिवस चढतो तसं ते उतरतं. आणि एकदा कमी आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत. माझं सगळं ठीक निघालं. त्यांनी आधी तीच गोळी पुन्हा सुरू केली आणि मी सावरल्यावर टप्प्याटप्प्याने दुसरं औषध लावलं.

मग मी ९० दिवसांचं विचारलं. ते म्हणाले, पॉर्न सोडल्यावरची घट बऱ्याचदा खरी असते, पण त्यात निम्मी सवय असते. रात्र, एकटेपणा, हातात मोबाइल, ही साखळी तुटली की ओढ कमी झालेली जाणवते, आणि जिला आपण इच्छा समजत होतो त्यातला बराच भाग ती ओढच असते. त्यावर माणूस रोज स्वतःला तपासत बसतो, आज होतंय का, उद्या होतंय का. त्या पहाऱ्यात उत्तेजना टिकत नाही. सुधारणा बहुधा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत, खालीवर होत येते. मध्येच आठवडाभर पुन्हा सपाट वाटू शकतं. एकदा पॉर्न बघितलं म्हणून सगळं शून्यावर जात नाही. माझ्याही बाबतीत आधी सकाळची ताठरता परतली, मग बायकोजवळ बसावंसं वाटायला लागलं, आणि संबंधांची इच्छा सगळ्यात शेवटी आली.

वाट किती बघायची याचंही उत्तर त्यांनी दिलं. दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर तपासणी करून घ्या. पण सकाळची ताठरता पूर्ण थांबली असेल, दाढी-अंगावरचे केस विरळ होत असतील, स्तनाग्रातून स्राव येत असेल, डोकेदुखीबरोबर नजर अंधूक होत असेल, किंवा कशातच रस उरला नसेल, तर एक आठवडाही थांबू नका. मनात मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मी कोर्स बंद करतोय म्हटल्यावर त्या समजूतदार आवाजाने माझी चॅट बायकोला पाठवायची धमकी दिली. मी तिला त्याच रात्री स्वतः सांगितलं, आणि त्यांच्या हातातलं शस्त्र गेलं. तुमच्यावर ही वेळ आली तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. पैसे भरल्याचे पुरावे, फोन क्रमांक, डब्याचं लेबल आणि उरलेल्या कॅप्सूल जपून ठेवा. पैसे आणि धमकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर करा, आणि कॅप्सूल घेऊन जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जा.