एकच बजेट की दोन भाग? परदेशी निधी नुकताच सुरू झालेल्या संस्थांसाठी

ऐरोलीतल्या एका संस्थेला परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी नुकतीच मिळाली. त्यांच्या कोषाध्यक्षांनी मला विचारलं, "बँक खाती वेगळी ठेवणारच आहोत. मग बजेट एकाच शीटवर ठेवून परदेशी आणि देशी असे दोन कॉलम केले तर काय बिघडतं?" ठाण्यातल्या आमच्या संस्थेत तीन वर्षं तसंच बजेट होतं, नंतर आम्ही दोन स्वतंत्र भाग केले. दोन्हींचा अनुभव असल्यामुळे लिहितो आहे.

खात्यांचा प्रश्न एफसीआरए कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर उरलेलाच नाही. परदेशी पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच येतो, तिथून तो इथल्या वापर खात्यात आणता येतो. नवं वापर खातं उघडलं की ते कळवणारा एफसी-6डी फॉर्म भरायचा. हिशेबाची पुस्तकंही वेगळीच लागतात. निवड उरते ती बजेटच्या मांडणीची.

दोन कॉलमच्या शीटचं मोठं सुख म्हणजे विश्वस्तांना एका पानावर संस्था दिसते. बालवाडीवर किती, अभ्यासिकेवर किती, सगळं एका नजरेत. भाडं, वीज, हिशेबनीसाचा पगार असे सामायिक खर्चही एकाच ओळीत बसतात. दोन भाग केले की तीच ओळ दोनदा लिहावी लागते आणि सुरुवातीला विश्वस्त हमखास विचारतात, "मग एकूण किती?"

माझं मत फिरलं ते या 'एकूण'मुळेच. एका ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर, शीटवर एकूण शिल्लक 3,40,000 दिसत होती. त्यातले 3,18,000 परदेशी होते. देशी खात्यात फक्त 22,000 होते, कारण एका कंपनीचा सीएसआरचा दुसरा हप्ता लांबला होता. देशी निधीतल्या चार सेविकांचे पगार 64,000. बैठकीत एक विश्वस्त अगदी कळकळीने म्हणाले, "पैसे आहेत की! तात्पुरते वापरा, हप्ता आला की परत टाका." त्यांचा दोष नव्हता, शीटच तसं सांगत होती. पण परदेशी पैसा त्याच्या मंजूर कामाबाहेर वापरणं ही एक चूक, आणि तो 'परत टाकणं' ही दुसरी, कारण एफसी म्हणजे परदेशी निधीच्या खात्यात देशी पैसा जमा करता येत नाही. शेवटी दोन विश्वस्तांनी 21,000-21,000 रुपयांची देणगी देशी खात्यात दिली, तेव्हा पगार झाले. सेविकांना दोन दिवस थांबावं लागलं, त्याची बोच अजून आहे.

आता दोन्ही भागांना आपापली जमा, आपापला खर्च, आपापली शिल्लक आहे. देशी भागात तूट येणार असेल तर ती ऑगस्टमध्येच दिसते. एकत्र चित्र हवं असेल तर शेवटी गोषवाऱ्याचं एक पान जोडतो, पण शिल्लक त्या पानावर मुद्दाम लिहीत नाही.

प्रशासकीय खर्चाचंही तसंच. आमचं बजेट 50 लाखांचं, प्रशासन 8 लाख, म्हणजे 16 टक्के. सगळे निर्धास्त होते. पण परदेशी निधी 20 लाख आणि त्यावर टाकलेलं प्रशासन 5 लाख होतं, म्हणजे 25 टक्के. मर्यादा 20 टक्क्यांची, आणि ती त्या वर्षी आलेल्या परदेशी निधीवरच मोजतात. दोन भाग केल्यावर ही गोष्ट पहिल्याच वाचनात समोर आली आणि एक लाखाचा प्रशासन खर्च वेळेत देशी भागात हलवता आला.

दोन भागांत खरी कटकट सामायिक खर्चांची आहे, हे मान्य. आमच्या वागळे इस्टेटमधल्या जागेचं भाडं 30,000. आठवड्याच्या पाच दिवसांपैकी तीन दिवस तिथे परदेशी निधीतला प्रकल्प चालतो, म्हणून 18,000 परदेशी भागात आणि 12,000 देशी भागात. वाटणीचा हा आधार बजेटच्या टिपेत लिहून ठेवला आहे. आधी पूर्ण भाडं देशी खात्यातून जायचं आणि मग 18,000 एफसी खात्यातून तिकडे 'भरून काढायचे'. शीटवर हे निरुपद्रवी दिसतं, पासबुकात मात्र परदेशी पैसा देशी खात्यात गेलेला दिसतो. आता घरमालकांना दोन चेक जातात. बिलाच्या प्रतीवर आमच्या हिशेब बघणाऱ्या ताई शिक्का मारतात, परदेशी भागाचा लाल आणि देशीचा निळा. डिसेंबरअखेर परदेशी निधीचं वार्षिक विवरण, म्हणजे एफसी-4, भरताना लाल शिक्क्यांची फाइल तेवढी काढायची.

तुमच्याकडे परदेशी देणगीदार एकच असेल, त्याचा प्रकल्प वेगळ्या जागेत, वेगळ्या माणसांवर चालत असेल, तर दोन कॉलमवरही कदाचित निभेल. सीएंशी बोलून ठरवा. पण जागा, हिशेबनीस किंवा गाडी दोन्हीकडे वापरली जात असेल, तर मी दोन भागांकडेच झुकेन. ऐरोलीच्या कोषाध्यक्षांनाही मी एवढंच सुचवलं, की निदान चालू शीटमधला 'एकूण शिल्लक' हा रकाना आजच काढून टाका.