अर्धी उघडणारी पानं आणि 1492: राउटर काही महिने वापरल्यावर

इंदिरानगरमधल्या घरी हा ड्युअल बँड राउटर पावसाळ्याआधी घेतला. रेंज उत्तम, तक्रार नाही. पण फायबरची लाइन पीपीपीओईची आहे, आणि पहिल्या दिवसापासून काही साइट्स अर्ध्याच उघडायच्या. टॅबवर नाव यायचं, वरची पट्टी दिसायची, मग नुसतं गोल फिरत राहायचं. स्पीड टेस्ट मात्र पूर्ण. इंटरनेटवाल्यांच्या माणसाने तीच दाखवून "लाइन ओके आहे, राउटर बदला" असं सांगितलं, त्याचा अजून राग आहे. पैसे काय झाडाला लागतात?

विंडोज लॅपटॉपवर हे चालवलं, म्हणजे ठरावीक आकाराचं पॅकेट तुकडे न करता जातं का ते कळतं:

```
ping -f -l 1472 1.1.1.1
ping -f -l 1464 1.1.1.1
```

पहिल्याला `Request timed out.`, दुसऱ्याला लगेच उत्तर. पिंगच्या आकड्यात हेडरचे 28 बाइट मिळवायचे, म्हणजे 1500 जात नाही, 1492 जातं. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे 8 बाइट खातं, आणि राउटरच्या WAN पानावर MTU, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, 1500 भरलेला होता. लहान पॅकेट सुटतात म्हणून पानाची सुरुवात येते. भरलेलं मोठं पॅकेट वाटेत टाकलं जातं. "लहान करून पाठव" हा आयसीएमपी निरोप पाठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत पोचला तर तो सुधारतो. ज्या साइटच्या फायरवॉलने तो निरोप अडवलाय, ती तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसते. म्हणून काहीच साइट्स अडकतात, सगळ्या नाहीत.

WAN पानावर 1492 भरून राउटर रीस्टार्ट केला. आता 1472 च्या पिंगला `Packet needs to be fragmented but DF set.` असं स्पष्ट उत्तर येतं. हा फरक नीट बघा: आधी पॅकेट गुपचूप गायब होत होतं, आता राउटर स्वतः नकार कळवतो. शिवाय जोडणी सुरू होतानाच तो समोरच्याला हेडरचे 40 वजा करून 1452 ची टीसीपी मर्यादा सांगतो, त्यामुळे अडकलेली पानं पूर्ण आली. तोवर मी याला दोन स्टार देणार होतो, आता चार.

पुढे बायकोच्या ऑफिसचं वायरगार्ड व्हीपीएन तसंच अडकायला लागलं. त्याचा नेहमीचा MTU 1420. व्हीपीएन आयपीव्ही4 वरून गेलं तर त्याच्या वेष्टनाचे वरचे 60 बाइट मिळून 1480, म्हणजे बसतं. आयपीव्ही6 वर वरचे 80 होतात, बेरीज 1500, आणि आपली लाइन 1492 ची. कॉन्फिगच्या `[Interface]` खाली ही ओळ टाकली:

```
MTU = 1412
```

ऑफिसची पानं पूर्ण उघडली. कुणी सरसकट 1200 टाकायला सांगतं, ते करू नका. आयपीव्ही6 ला किमान 1280 लागतं.

पाचवा स्टार कापला, कारण फर्मवेअर अपडेटनंतर MTU परत 1500 झालं. अपडेट केलंत की ते WAN पान आधी उघडा.