अचानक पाहुणे आले तर: चिवडा का गरम पोहे, झुणका का खिचडी?

आमचं घर दारव्हा रोडवर, फाट्यापासून पायी दहा मिनिटं, त्यामुळं यवतमाळला जाणारायेणारा प्रत्येक नातेवाईक "चला, चहा घेऊन जाऊ" म्हणत उतरतोच. गावात किराणा दुकान आहे पण सात वाजले की शटर खाली, आणि बाजार आठवड्यातून एकदा. त्यामुळं घरात काय भरून ठेवायचं हे मी बरंच चुकून चुकून ठरवलंय, आणि नवीन संसार थाटलेल्या पोरी विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी चहासोबतचं. डब्यातला चिवडा बरा का ताजे पोहे, हा खरा प्रश्न. चिवड्याचा फायदा असा की पाहुणा चप्पल काढेपर्यंत बशी समोर, गॅस फक्त चहाले. पण पावसाळ्यात चिवडा दगा देतो. मागच्या आषाढात नंदोई आले, मी ऐटीत डबा उघडला, त्यांनी दोन बकाणे मारले आणि मग सगळं लक्ष चहाकडे, बशी तशीच. ते गेल्यावर मी चाखला तर पोहे कुरकुरीत होते हो, पण फल्ली खवट आणि खोबऱ्याचे काप त्याहून खवट. तेव्हापासून पावसाळ्यात चिवड्यात खोबरं टाकतच नाही आणि फल्ली वेगळ्या बरणीत भाजून ठेवते, वाढताना मिसळायची. दुसरी चूक कढीपत्त्याची. पानं तेलात अर्धवट तळली तर त्यांच्यातला ओलावा सगळ्या डब्याले मऊ पाडतो, म्हणून पान बोटानं चुरलं की भुगा झाला पाहिजे, मगच पोहे टाकायचे. आणि चिवडा पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही. अर्धा किलो पातळ पोह्यांचा एक घाणा हिवाळ्यात आमच्याकडं वीसेक दिवस आरामात टिकतो, पावसाळ्यात आठ दिवसांतच सादळायले लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर पाव किलोच्या वर करू नका.

पावसाळ्यात मग जाड पोहे बरे. कच्चे असल्यानं खवट व्हायचा प्रश्न नाही, फक्त किडे बघायचे. माणशी एक लहान वाटी कोरडे पोहे, चाळणीत धुवून निथळत ठेवायचे आणि तोवर कांदा चिरायचा, पाणी निथळलं नाही तर लगदा होतो. बारा पंधरा मिनिटांत बशी तयार. अडचण एकच, कांदा आणि मिरची घरात लागतेच, सांबार नसला तरी चालतं पण कांद्याशिवाय पोहे म्हणजे दवाखान्यातलं जेवण वाटते. सोजीचा उपमा तिसरा पर्याय. सोजी आणल्या दिवशीच मंद आचेवर सुगंध येईपर्यंत भाजून बरणीत भरली तर अळ्या होत नाहीत आणि ऐनवेळी भाजायचे दहा मिनिटं वाचतात. शिवाय त्याच सोजीचा शिरा होतो, सोयरीक बघायले आलेल्यांपुढं गोड ठेवावं लागतं तेव्हा कामी येतो. माझं विचाराल तर हिवाळा-उन्हाळा चिवडा आणि पावसाळ्यात पोहे, भाजलेली सोजी मात्र बाराही महिने.

आता जेवण. इथं लोक म्हणतात झुणका सगळ्यात झटपट. खरंय, पण अर्धंच. मार्गशीर्षात एकदा रात्री साडेसातला दोन गाड्यांवर पाचजण आले आणि आमचे हे धरून सहा ताटं. झुणका बारा मिनिटांत झाला, दोन वाट्या बेसन, तेल सढळ, वर झाकण ठेवून वाफ आणली आणि कडा सुटल्या की झाला. पण भाकरी? माणशी दोन म्हणजे बारा, एका तव्यावर एकेक करत तीन-साडेतीन मिनिटं धरा, चाळीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ मी चुलीपुढं, पाहुण्यांशी एक शब्द नाही बोलली. त्यात पीठ दीड महिन्याचं जुनं, विरी गेलेली, थापताना कडा फुटत होत्या. मग उकळत्या पाण्यात पीठ मळलं तेव्हा कुठं भाकरी तव्यापर्यंत पोचली. तेव्हापासून ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळून आणते, आणि बेसनसुद्धा, गिरणीतून गरम पीठ आलं की परातीत पसरून थंड करते नाहीतर डब्यात घाम सुटून गाठी होतात.

खिचडीचा वेळ मोजला तर तोही जवळपास तेवढाच निघतो, गंमत हीच आहे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी तुरीची डाळ, डाळ गरम पाण्यात दहा मिनिटं, तोवर कांदा-लसूण-फल्लीची फोडणी, दहा वाट्या पाणी, कुकरले पंधरा-वीस मिनिटं आणि वाफ जिरायला दहा. पण त्यातले तीस मिनिटं हात मोकळे! पापड भाजा, मुलांना बघा, ताक असलं तर कढी करा. पाच लिटरच्या कुकरमध्ये एवढीच करा, अर्ध्याच्या वर गेलं की शिट्टीतून डाळीचा फेस येतो आणि सगळा ओटा पिवळा. डाळ जुनी असली तर शिजत नाही, त्याले इलाज नाही, मुगाची डाळ पाव किलो वेगळी ठेवा, ती कधी दगा देत नाही.

खिचडीत दोन खोट आहेत. एक, मधातच अजून दोनजण आले तर ती वाढवता येत नाही, झुणक्यात पाणी ओतून पिठलं करता येते आणि चार भाकरी जास्त टाकता येतात. दुसरी, मान. माझ्या सासूबाई अजूनही म्हणतात, जावयापुढं खिचडी ठेवायची म्हणजे घरात कोणी आजारी आहे का.

म्हणून मानाच्या पाहुण्यांसाठी मी मुगवड्या ठेवते. उन्हाळ्यात गच्चीवर घातलेल्या वड्या, तेलात लालसर परतायच्या, कांदा-खोबरं-लसणाचा मसाला आणि रस्स्यात उकळतं पाणीच घालायचं, थंड ओतलं की वडी आतून टणक राहते. पंधरा-वीस मिनिटांत चमच्यानं दाबली की दबते. बाजूच्या गॅसवर भात, म्हणजे भाकरीची कटकट नाही आणि ताट भरलेलं दिसते. वड्या रस्सा पितात, म्हणून वाटीभर पाणी जास्तच. फक्त वड्या नीट वाळलेल्या पाहिजेत, डब्यात भरण्याआधी एक मोडून बघा, कट्‌ आवाज आला तर ठीक, वाकली तर अजून दोन उन्हं द्या, नाहीतर श्रावणात पांढरी बुरशी चढते आणि अख्खा डबा उकिरड्यावर.

दोघं-तिघं असले तर झुणका-भाकर, पाचाच्या वर खिचडी, व्याही-जावई असले तर वड्यांचा रस्सा आणि भात, मी तरी असंच करते. परवा एकटा मामेभाऊ आला त्याले तिन्हीतलं काहीच नको होतं, म्हणे ताई, फक्त चिवडा दे आणि कांदा चिरून टाक त्यात.